नाव तुळशीचे, झाड कोणाचे? औषधी बागेतील नामफलकांची पडताळणी

औषधी वनस्पतींच्या बागेत नामफलक लावायचे ठरले, की सर्वांत आधी एक यादी तयार होते. डाव्या रकान्यात मराठी नावे लिहिली जातात. उजव्या रकान्यात शब्दकोशातून किंवा संगणकावरून शोधलेली इंग्रजी नावे भरली जातात आणि यादी छपाईला जाते. झाडापर्यंत या यादीचा प्रवास होतो तो फलक रोवण्याच्या दिवशी. तोपर्यंत नावाची गाठ नावाशी बांधलेली असते. झाडाशी ती कोणीच बांधलेली नसते. या लेखाचा विषय नेमका हाच आहे. मराठी नाव आणि इंग्रजी नाव ही एकमेकांची भाषांतरे नाहीत. दोन्ही नावे एकाच झाडाकडे बोट दाखवतात की नाही, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे तपासावे लागते.

हा प्रश्न रायपुरात विशेष जाणवतो, कारण येथे एका फलकावर तीन-चार भाषा एकत्र येतात. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली आणि तिच्यासोबत मराठी कुटुंबेही आली. पुढे 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे येथील बागेत येणाऱ्या माणसांपैकी कोणी तुळस म्हणतो, कोणी तुलसी. विदर्भातून शिवारफेरीसाठी आलेला शेतकरी मराठी फलक शोधतो, तर कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी इंग्रजी नाव टिपून घेतो. चौघांनीही घरी जाताना एकच वनस्पती सोबत न्यावी, एवढीच फलकाकडून अपेक्षा असते.

तुळशीच्या वाफ्यातील गोंधळ

उदाहरण म्हणून तुळशीचा एकच वाफा घेऊ. त्यात कृष्ण तुळस, राम तुळस, रानतुळस आणि सब्जा अशी चार रोपे आहेत असे समजू. शब्दकोश हाती घेऊन नावे जुळवणारा माणूस तुळशीसमोर बेसिल, सब्जासमोर पुन्हा बेसिल आणि रानतुळशीसमोर वाइल्ड बेसिल लिहील. कृष्ण आणि राम या विशेषणांचे काय करावे हे न कळल्याने ब्लॅक बेसिल आणि ग्रीन बेसिल अशी नावे तो स्वतःच तयार करील. आता ही जोडी एकेक करून तपासू.

घरोघरच्या वृंदावनातील तुळशीला इंग्रजीत होली बेसिल म्हणतात. नुसते बेसिल म्हटले तर इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकात वापरली जाणारी स्वीट बेसिल येते आणि तो आपला सब्जा आहे. दोन्ही वनस्पती एकाच प्रजातीगटातील असल्या तरी वेगळ्या आहेत. तुळशीचे शास्त्रीय नाव ऑसिमम टेन्युइफ्लोरम, तर सब्जाचे ऑसिमम बॅसिलिकम. तुळशीचे खोड आणि देठ केसाळ असतात व फुले अगदी बारीक असतात. सब्जाची पाने जवळजवळ गुळगुळीत व चकचकीत असतात आणि फुले तुळशीच्या फुलांपेक्षा ठळकपणे मोठी असतात. सब्जाचे बी पाण्यात टाकले की काही मिनिटांत त्याभोवती पांढुरका बुळबुळीत थर फुगून येतो. फालुद्यात आपण खातो ते हेच बी.

कृष्ण तुळस आणि राम तुळस यांचे मात्र उलट आहे. मराठी घरांत या दोन नावांनी ओळखली जाणारी रोपे एकाच प्रजातीची आहेत. एकीचे खोड व पाने जांभळट, तर दुसरीची हिरवी, एवढाच दिसण्यातला फरक. फलकावर दोघींचे शास्त्रीय नाव तेच आणि इंग्रजी नावही होली बेसिलच राहील. विशेषण हवे असेल तर ते मराठी नावात ठेवावे. त्यासाठी इंग्रजीत नवे नाव घडवू नये.

येथे रायपूरच्या वाचकासाठी आणखी एक पेच उभा राहतो. हिंदी वनौषधी ग्रंथांत ‘राम तुलसी’ हे नाव अनेकदा ऑसिमम ग्रॅटिसिमम या वेगळ्या प्रजातीला दिलेले आढळते. ही वनस्पती दीड-दोन मीटर वाढणारी, झुडपासारखी, मोठ्या पानांची आणि लवंगेसारख्या तीव्र वासाची असते. तिची फुले फिकट पिवळसर असतात. इंग्रजीत तिला क्लोव्ह बेसिल म्हणतात. म्हणजे मराठी फलकावर ‘राम तुळस’ आणि शेजारच्या हिंदी फलकावर ‘राम तुलसी’ लिहिले, तर अक्षरांत जेमतेम फरक असूनही दोन वाचक दोन वेगळ्या वनस्पती डोळ्यांसमोर आणू शकतात. अशा ठिकाणी हिरव्या तुळशीच्या हिंदी नावासाठी नुसते ‘तुलसी’ लिहिणे अधिक सुरक्षित ठरते.

रानतुळस हे नाव तर आणखी सैल आहे. वर सांगितलेल्या लवंगी वासाच्या मोठ्या तुळशीला काही भागांत रानतुळस म्हणतात. ऑसिमम अमेरिकॅनम या लहान, माळरानावर उगवणाऱ्या प्रजातीलाही तेच नाव मिळते. आणि विदर्भ-छत्तीसगडच्या पडीक जमिनींवर, रस्त्यांच्या कडांना पावसाळ्यात दाट माजणारे जे उग्र वासाचे तण आहे, त्यालाही लोक रानतुळसच म्हणतात. हे तण उष्ण अमेरिकेतून आलेले आहे. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव हिप्टिस सुॲव्हिओलेन्स असे आहे, तर नव्या वर्गीकरणात त्याला मेसोस्फेरम या प्रजातीगटात ठेवले आहे. इंग्रजीत त्याला बुशमिंट म्हणतात. त्याचे बीही पाण्यात सब्जासारखेच फुगते. म्हणून बी फुगले याचा अर्थ तो सब्जाच, असे मानता येत नाही.

मग या दोघांत फरक कसा करावा? फुलोरा पाहावा. खऱ्या तुळशींची मंजिरी फांदीच्या टोकाला उभी असते आणि तिच्यावर फुलांचे वेढे एकावर एक, थोड्या अंतराने, शिस्तीत बसलेले असतात. प्रत्येक फुलाच्या हिरव्या पुष्पकोशाची वरची पाकळी रुंद, गोलसर असते. बुशमिंटची फुले पानांच्या बेचक्यांत लहान झुबक्यांनी येतात आणि तिच्या पुष्पकोशाला बारीक काट्यांसारखे ताठ दात असतात. हात फिरवला तरी ते जाणवतात. साध्या दहापट भिंगाखाली हा फरक पहिल्याच नजरेत दिसतो.

राहिले ‘वाइल्ड बेसिल’. शब्दशः भाषांतर म्हणून ते निर्दोष आहे, पण इंग्रजीत हे नाव आधीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेले आहे. क्लायनोपोडियम व्हल्गेर ही युरोपातील गवताळ कडांवर वाढणारी वनस्पती तिकडे वाइल्ड बेसिल म्हणून ओळखली जाते. ती आपल्या वाफ्यात असण्याची शक्यता नाही. म्हणजे मराठी शब्द बरोबर, भाषांतर बरोबर आणि तरीही फलक चूक, अशी स्थिती होते. नावांच्या भाषांतरावर का विसंबू नये, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे.

एक लिपी, दोन भाषा

मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात. ही सोय आहे, पण फलकावर हीच सोय अडचण होऊ शकते. ‘रुई’ हे नाव पाहा. महाराष्ट्रात शनिवारी मारुतीला ज्याच्या पानांची माळ घालतात ते झुडूप म्हणजे रुई. छत्तीसगडच्या हिंदी वाचकाला मात्र ‘रुई’ हा शब्द सरकी काढलेल्या कापसासाठी परिचित आहे. या झुडपाला तो आक किंवा मदार म्हणतो. केवळ ‘रुई’ एवढाच फलक लावला, तर त्याला ती कापसाची जात वाटण्याचा संभव आहे. त्यात या झुडपाच्या पक्व फळातून रेशमासारखे धागे असलेले बी उडते, त्यामुळे गैरसमज अधिकच पक्का होतो.

येथे चूक केवळ भाषेची राहत नाही. रुईचा चीक विषारी असून तो डोळ्यांत गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. ज्या फलकावर हे सांगायचे त्याच फलकाने वाचकाला भलत्या वनस्पतीकडे नेले, तर सूचनेचा उपयोग उरत नाही. म्हणून प्रत्येक नावाआधी भाषेचे नाव लिहावे. ‘मराठी: रुई. हिंदी: आक, मदार.’ इतके पुरेसे आहे. इंग्रजी नाव लिहिताना मोठ्या फुलांच्या कॅलोट्रॉपिस जायगँटिया या प्रजातीसाठी क्राउन फ्लॉवर आणि कॅलोट्रॉपिस प्रोसेरा या दुसऱ्या प्रजातीसाठी सोडम ॲपल अशी नावे प्रचारात आहेत. मराठीत दोन्हींना रुईच म्हणतात, त्यामुळे आधी फूल पाहावे लागते. पहिलीच्या उमललेल्या फुलाच्या पाकळ्या पसरट किंवा मागे वळलेल्या असतात. दुसरीच्या पाकळ्या उभट असून त्यांची टोके गडद जांभळी असतात.

याच जातीचा दुसरा पेच मरव्याचा. मराठीतील सुगंधी मरवा, जो गजऱ्यात माळतात, तो इंग्रजीतील स्वीट मार्जोरम होय. हिंदीत मरुआ हा शब्द मात्र अनेक ठिकाणी सब्जाच्या झाडासाठी वापरतात. मरव्याची पाने बोटाच्या पेराहून लहान, करडट-हिरवी व मऊ लव असलेली असतात. सब्जाची पाने त्यापेक्षा बरीच मोठी आणि तुकतुकीत असतात. दोन रोपे शेजारी ठेवली तर संभ्रम राहत नाही. तो राहतो फक्त कागदावर.

गुळवेल: जेथे नावाची किंमत मोजावी लागते

गुळवेलीचे इंग्रजी नाव हार्ट-लीव्ह्ड मूनसीड. पान हृदयाकृती आणि बी चंद्रकोरीसारखे वाकलेले, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. हिंदीत ती गिलोय. नावांची ही जोडणी सरळ आहे. अडचण आहे ती वेल ओळखण्याची, कारण याच प्रजातीगटातील टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेलही दिसायला तशीच आहे.

2021 मध्ये मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गिलोयच्या सेवनाशी जोडणारा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर केंद्रीय आयुष मंत्रालयाने असा आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती याची खात्री करण्यात आलेली नाही आणि ती टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. त्या वादाचा वैद्यकीय निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. आपल्यासाठी त्यातील महत्त्वाची गोष्ट एवढीच की, वाद शेवटी येऊन थांबला तो वनस्पतीच्या ओळखीपाशी. मंत्रालयाने पुढे दोन्ही वेलींतील फरकही प्रसिद्ध केले. गुळवेलीचे खोड हिरवट असून त्यावर ठळक गाठी नसतात. क्रिस्पाचे खोड करडे असून त्यावर फोडांसारख्या उठावदार गाठी असतात आणि त्यातून दुधाळ स्राव निघतो. गुळवेलीची पिकलेली फळे गोल व लाल, तर क्रिस्पाची लांबट व नारिंगी असतात. फलक रोवण्यापूर्वी खोडावर बोट फिरवून पाहण्यास एक मिनिट लागतो. जुन्या गुळवेलीच्या खोडावरही साल सुटून उंचवटे दिसतात, त्यामुळे शक्यतो फळे येईपर्यंत थांबून अंतिम निर्णय घ्यावा.

कीटकशास्त्रज्ञ म्हणून मला या वेलीची आणखी एक बाजू सांगणे आवश्यक वाटते. संत्रा-मोसंबीच्या फळांतील रस शोषणाऱ्या पतंगांच्या, म्हणजे युडोसिमा वर्गातील पतंगांच्या अळ्या फळांवर जगत नाहीत. त्या गुळवेल, वासनवेल आणि त्या कुळातील इतर वेलींची पाने खातात. प्रौढ पतंग रात्री बागेत येतो आणि आपल्या टणक सोंडेने पक्व होऊ लागलेल्या फळाला भोक पाडून रस शोषतो. फळावर टाचणीने टोचल्यासारखे छिद्र दिसते, भोवतीचा भाग मऊ पडतो, तेथून बुरशी शिरते आणि फळ गळते. विदर्भातील संत्रा उत्पादकांना आंबिया बहाराच्या फळांवर हा उपद्रव परिचित आहे. म्हणून बागेच्या परिसरातील गुळवेल आणि वासनवेल काढून टाकण्याचा सल्ला विस्तार कार्यकर्ते देतात.

हा सल्ला अमलात येतो तो नावावर. वासनवेल हे नाव छत्तीसगडमधील शेतकऱ्याला परिचित असेलच असे नाही. तो हिंदीत तिला जलजमनी किंवा पाताल गरुडी म्हणतो. इंग्रजीत ती ब्रूम क्रीपर आणि शास्त्रीय नाव कोक्युलस हिर्सुटस. पाने व कोवळ्या फांद्या दाट मऊ लवेने झाकलेल्या आणि पिकलेली फळे गडद जांभळी. जलजमनी या हिंदी नावातच तिची एक खूण दडलेली आहे. मूठभर पाने पाण्यात चुरडून गाळून ठेवली, की ते पाणी थोड्या वेळात खरवसासारखे घट्ट होते. त्या कुळातील दुसऱ्या काही वेलींतही हा गुण असल्याने ही खूण एकटी पुरेशी नाही, पण लवदार पानांसोबत ती मोलाची ठरते. सल्ल्याच्या पत्रकात केवळ मराठी नाव छापून ते सीमेपलीकडे वाटले, तर शेतकरी चुकीची वेल तोडील किंवा कोणतीच तोडणार नाही.

या उपायाची मर्यादाही ध्यानात ठेवावी. हे पतंग दूरवर उडू शकतात. त्यामुळे एकट्या बागेभोवतीच्या वेली काढून उपद्रव पूर्ण थांबत नाही. परंतु जेथे संत्र्याची बाग आणि औषधी वनस्पतींचा वाफा एकाच प्रक्षेत्रावर आहेत, तेथे गुळवेलीच्या फलकाशेजारी अळीचीही नोंद असावी. अळी गडद रंगाची असून तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके असतात. बसताना ती पुढचा भाग वाकवून शेपूट उचलून धरते. आठवड्यातून एकदा वेलीची पाने उलटून पाहून अशा अळ्या वेचल्या, तर वेल ठेवूनही तिचा उपद्रव आटोक्यात ठेवता येतो.

कीटकांची साक्ष आणि तिची मर्यादा

अळीवरून झाड ओळखता येईल काय, असे अनेकदा विचारले जाते. काही प्रमाणात येते. रुईच्या पानावर काळे, पांढरे व पिवळे पट्टे असलेली आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली, तर ती प्लेन टायगर या फुलपाखराची होय. हे फुलपाखरू चीक असणाऱ्या रुईच्या कुळातील वनस्पतींवरच अंडी घालते. म्हणजे कुळाची साक्ष मिळाली. पण ती अळी रुईच्या दोन प्रजातींत भेद करीत नाही. तसेच तुळशीवरील जाळीदार पंखांचा लहान ढेकूण, ज्याला लेस बग म्हणतात, तो तुळस व सब्जा दोन्हींवर आढळतो. पानांवर फिकट ठिपके पडून ती वळतात आणि पानाखाली काळ्या विष्ठेचे डाग दिसतात. यावरून रोप ऑसिमम गटातील असल्याची शक्यता वाढते, पण ते तुळस की सब्जा हे ठरत नाही. कीटक कुळापर्यंत नेतो आणि पुढची वाट फुलानेच दाखवावी लागते.

उलट दिशेने पाहिले तर नावातील चूक कीड व्यवस्थापनातही शिरते. फळमाशीचे नर मिथिल युजेनॉल या रसायनाकडे आकर्षित होतात. तुळशीच्या काही प्रकारांत हे रसायन भरपूर असते, म्हणून चुरडलेल्या तुळशीच्या पानांचा सापळ्यात उपयोग सुचवला जातो. इंग्रजी लेखातील ‘बेसिल’ वाचून कोणी सब्जाची पाने वापरली, तर फळ मिळेलच असे नाही, कारण सब्जाच्या अनेक वाणांच्या तेलात मिथिल चॅव्हिकॉल किंवा लिनॅलूल या दुसऱ्याच घटकांचे प्राबल्य असते. सापळा रिकामा राहिला की शेतकरी सापळ्याला दोष देतो.

ब्राह्मी कोणती?

आणखी एका जोडीचा उल्लेख करणे भाग आहे, कारण जवळजवळ प्रत्येक औषधी बागेत ती असते. ब्राह्मी या नावाने दोन वनस्पती रोपवाटिकांत विकल्या जातात. एक बॅकोपा मोनिएरी, जी दलदलीत सरपटत वाढते, जिची पाने लहान, जाडसर व समोरासमोर असतात आणि फुले फिकट निळसर-पांढरी असतात. दुसरी सेंटेला एशियाटिका, जिची गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची, कडेला दाते असलेली पाने लांब देठांवर उभी राहतात. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने ब्राह्मी हे नाव पहिलीला आणि मंडूकपर्णी हे नाव दुसरीला दिले आहे. फलकावर हाच भेद पाळावा. पहिलीचे इंग्रजी नाव वॉटर हिसॉप, दुसरीचे इंडियन पेनीवर्ट. दुसरीला इंग्रजीत गोटू कोला असेही म्हणतात, पण तो मुळात सिंहली शब्द आहे. दुसरीच्या फलकावर ‘काही ठिकाणी ब्राह्मी म्हणूनही विकली जाते’ अशी एक ओळ जरूर लिहावी. लोकांच्या तोंडचे नाव पुसून टाकण्यापेक्षा ते योग्य जागी नोंदवणे हिताचे असते.

जुना धडा, नवा फलक

ही अडचण आजची नाही. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचा सहभाग होता. त्यांचे निवेदन ग्रंथात नागरी लिपीत छापलेले आहे. ग्रंथातील चित्रांवर वनस्पतींची नावे रोमन, मल्याळम, अरबी व नागरी अशा लिप्यांत कोरलेली दिसतात. त्या पानाची रचना पाहण्यासारखी आहे. मध्यभागी वनस्पतीचे चित्र आहे आणि सर्व नावे त्या चित्राला जोडलेली आहेत. चित्राची ती जागा आपल्या फलकावर शास्त्रीय नाव घेते.

मात्र शास्त्रीय नावेही बदलतात, हे तुळशीवरूनच दिसते. लिनिअसने 1753 मध्ये तिला ऑसिमम टेन्युइफ्लोरम म्हटले आणि 1767 मध्ये त्यानेच ऑसिमम सँक्टम हे नाव प्रसिद्ध केले. पुढे दोन्ही एकच असल्याचे मान्य झाले आणि अग्रक्रमाच्या नियमानुसार आधीचे नाव ग्राह्य ठरले. तरीही असंख्य पुस्तकांत अजून सँक्टम हेच आढळते. म्हणून छपाईपूर्वी ग्राह्य नाव powo.science.kew.org या संकेतस्थळावर पडताळावे. तेथे जुने नाव टाकले तरी आजचे ग्राह्य नाव समोर येते. मराठी नावांसाठी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ आजही उपयोगी पडतो, कारण त्यात शास्त्रीय नावांसोबत देशी नावेही दिलेली आहेत.

कामाचा क्रम सोपा आहे. वाफ्यातील प्रत्येक रोपाला प्रथम केवळ क्रमांक द्यावा, नाव देऊ नये. रोप फुलावर आले, की फुलासह एक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून सुकवावी आणि तिच्यासोबत क्रमांक, दिनांक, ठिकाण, फुलाचा रंग व वास लिहून ठेवावा, कारण सुकल्यावर रंग आणि वास दोन्ही जातात. हा नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या विभागीय केंद्राला दाखवावा. मराठी वाचकांना पुण्याचे पश्चिम विभागीय केंद्र सोयीचे आहे, तर छत्तीसगडसाठी प्रयागराजचे मध्य विभागीय केंद्र. शास्त्रीय नाव निश्चित झाल्यावर त्याच्यासमोर मराठी, हिंदी, छत्तीसगडी आणि इंग्रजी नावे स्वतंत्रपणे भरावीत. छत्तीसगडी नाव पुस्तकातून न घेता परिसरातील वैद्य किंवा जाणत्या माणसाला प्रत्यक्ष रोप दाखवून विचारावे. एखाद्या भाषेत खरोखर नाव नसेल, तर ती ओळ रिकामी सोडावी.

तयार फलक असा दिसेल:

मराठी: तुळस, कृष्ण तुळस
हिंदी: तुलसी
इंग्रजी: होली बेसिल
शास्त्रीय नाव: ऑसिमम टेन्युइफ्लोरम
कुळ: लॅमिएसी
क्रमांक: 14

प्रत्यक्ष फलकावर इंग्रजी व शास्त्रीय नाव रोमन लिपीत येईल. शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत लिहावे. त्यातील पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे आणि दुसरा शब्द पूर्ण लहान अक्षरांत असावा. रोगाचा उपचार किंवा मात्रा फलकावर लिहू नये. रुईसारख्या विषारी वनस्पतीवर ‘विषारी’ हा शब्द सर्व भाषांत असावा. शेवटची क्रमांकाची ओळ अनेकांना अनावश्यक वाटते, पण पुढे शंका आली तर सुकवलेल्या नमुन्यापर्यंत नेणारा तोच एक दुवा असतो. वार्षिक रोपे मरतात, वाफे बदलतात, गड्याने तण काढताना फलक उपटून शेजारी रोवलेला असतो. म्हणून दरवर्षी पावसाळा संपल्यावर, रोपे फुलावर असताना, वही हातात घेऊन प्रत्येक फलक त्याच्या झाडाशी पुन्हा ताडून पाहावा.